बांधावरचं भांडण, कोर्टातली केस आणि 'प्ली बार्गेनिंग' : अर्ज करण्याआधी एवढं माहीत असू द्या

तालुक्याच्या कोर्टात तारखेला उभं राहणाऱ्यांमध्ये बांधाच्या भांडणातले आरोपी कायम दिसतात. चार-पाच वर्षं तारखा चालतात, साक्षीदार येत नाहीत, दर तारखेला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते. मग कोणीतरी सांगतं, "प्ली बार्गेनिंग करून टाका, शिक्षा कमी होते, केस मिटते." केस मिटते हे खरं. पण ती कशी मिटते, हे बऱ्याच जणांना सही केल्यावर समजतं.

प्ली बार्गेनिंग म्हणजे आरोपीने गुन्हा मान्य करायचा, जखमी माणसाला भरपाई द्यायची आणि त्याबदल्यात कायद्याने ठरवून दिलेली कमी शिक्षा घ्यायची. २००६ सालापासून ही सोय आपल्याकडे आहे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. गावात याला सरसकट 'तडजोड' म्हणतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. कायद्यात तडजोड ही वेगळी गोष्ट आहे. साधी मारहाण, म्हणजे हाताने किंवा चापट-बुक्क्यांनी केलेली, फिर्यादी आणि आरोपी आपसात मिटवू शकतात आणि तशी मिटली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. प्ली बार्गेनिंगमध्ये आरोपी दोषीच ठरतो. शिक्षा कमी होते, पण दोषी हा शिक्का राहतो. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारायचा, की आपलं कलम आपसात मिटवता येणारं आहे का? असेल तर प्ली बार्गेनिंगच्या वाटेला जायचं कारणच उरत नाही.

एक उदाहरण धरू. समजा, पन्नाशीचा काका आणि त्याचा तेवीस वर्षांचा पुतण्या. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून वाद झाला आणि काकाने हातातलं फावडं मारलं. शेजाऱ्याच्या दंडाला आठ टाके पडले, हाड मोडलं नाही. पुतण्या तिथे होता, त्याने शेजाऱ्याला धरलं होतं असं फिर्यादीत आहे. गुन्हा लागला भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली, म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत. पुतण्या समान इराद्याच्या कलमाने सोबत गोवला गेला. या कलमाला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आणि हे कलम आपसात मिटवता येणाऱ्यांच्या यादीत नाही. शेजारी कोर्टात येऊन "माझी काही तक्रार नाही" म्हणाला तरी तेवढ्याने केस बंद होत नाही. दोन्हीकडची संमती घेऊन गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जाता येतं, पण तो खर्च सगळ्यांना झेपत नाही. अशा केसमध्ये प्ली बार्गेनिंगचा विचार करण्यात अर्थ आहे.

कोणाला अर्ज करता येतो

गुन्ह्याची कमाल शिक्षा सात वर्षांपेक्षा जास्त असेल तर ही सोय नाही. आपण काय केलं असं वाटतं त्यावर हे ठरत नाही, कागदावर कोणतं कलम आहे त्यावर ठरतं. वरच्या भांडणात त्याच फावड्याने हाड मोडलं असतं तर कलम ११८(२) लागलं असतं. त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे, म्हणून दार बंद. फरक एका एक्स-रेचा. त्यामुळे दोषारोपपत्र, ज्याला आपण चार्जशीट म्हणतो, ते आणि त्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र आधी नीट वाचून घ्यावं.

गुन्हा बाईविरुद्ध किंवा लहान मुलाविरुद्ध असेल तरीही ही सोय नाही. बांधाच्या भांडणात हे नेहमी घडतं, कारण सोडवायला घरातल्या बायका मध्ये पडतात. शेजाऱ्याच्या बायकोला धक्का लागला आणि विनयभंगाचं कलम जोडलं गेलं की शिक्षा कितीही कमी असो, त्या गुन्ह्यापुरतं प्ली बार्गेनिंग होत नाही. केंद्र सरकारने जे कायदे या सोयीतून बाहेर ठेवले आहेत, त्यात ॲट्रॉसिटीचा आणि हुंडाबंदीचा कायदा आहे. शिवाय याच गुन्ह्यात आरोपीला आधी कधी शिक्षा झालेली नसावी.

आमच्या उदाहरणातले काका-पुतणे दोघेही पात्र आहेत. पण दोघांनी एकत्रच अर्ज करावा असं काही नाही. अर्ज ज्याचा त्याचा असतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

मुदत तीस दिवसांची

कोर्ट एका तारखेला आरोप वाचून दाखवतं आणि विचारतं, "गुन्हा कबूल आहे का?" याला आरोप निश्चिती किंवा चार्ज फ्रेम होणं म्हणतात. बहुतेक जण "कबूल नाही" म्हणून सही करून घरी जातात. त्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत प्ली बार्गेनिंगचा अर्ज द्यायचा असतो. १० जूनला चार्ज फ्रेम झाला तर १० जुलैपर्यंत. आपल्याकडे पुढची तारीखच दोन महिन्यांनी पडते आणि त्या तारखेला वकिलाशी बोलू म्हणून थांबलेल्याची मुदत निघून गेलेली असते.

अर्जासोबत शपथपत्र लागतं. त्यात लिहायचं की या गुन्ह्याला किती शिक्षा आहे हे मला समजलं आहे, मी स्वखुशीने अर्ज करतो आणि याच गुन्ह्यात मला पूर्वी शिक्षा झालेली नाही. मग न्यायाधीश आरोपीला एकट्याला विचारतात. तेव्हा फिर्यादी नसतो, पोलीसही नसतात. कोणी दबाव आणला का, हे सांगायची ती जागा आहे. दबाव आहे असं दिसलं तर अर्ज तिथेच थांबतो आणि केस नेहमीसारखी पुढे चालते.

स्वखुशी आहे असं दिसलं तर कोर्ट जास्तीत जास्त साठ दिवस देतं. त्यात सरकारी वकील, तपास करणारे पोलीस अधिकारी, आरोपी आणि जखमी यांची बैठक होते. आरोपी आपला वकील घेऊन बसू शकतो. समजा शेजाऱ्याचा दवाखान्याचा खर्च अठरा हजार झाला, महिनाभर मजुरी बुडाली आणि बोलता बोलता पस्तीस हजारांवर जमलं. ते लिहून सगळ्यांच्या सह्या होतात, न्यायाधीशही सही करतात. भरपाईचे पैसे कोर्टाच्या आदेशानेच द्यावेत. बैठकीच्या आधी पारावर रोख देऊन मोकळं झालेल्याची पंचाईत होते, कारण बैठक फिसकटली तर त्या पैशाचा कुठे कागद नसतो.

आणि बैठक फिसकटू शकते. शेजारी अडून बसला तर जबरदस्ती नाही. केस अर्जाच्या आधी जिथे होती तिथून परत सुरू होते. अशा वेळी अर्जात आरोपीने जे मान्य केलं, ते त्याच्याविरुद्ध दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही, असं कलम २९९ सांगतं. अर्ज केला म्हणजे आपण अडकलो, ही भीती बाळगायचं कारण नाही.

शिक्षा किती कमी होते

इथे हिशेब लक्षात घ्या. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरलेली नाही, त्यात पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला एक षष्ठांश आणि इतरांना एक चतुर्थांश शिक्षा होऊ शकते. किमान शिक्षा ठरलेली असेल तर पहिल्या गुन्ह्याला त्या किमान शिक्षेच्या पाव, इतरांना निम्मी. पण हा एक षष्ठांश कशाचा? कलमात लिहिलेल्या कमाल शिक्षेचा. तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिने, त्याचा एक षष्ठांश सहा महिने. पूर्ण खटला चालून दोषी ठरलं तरी न्यायाधीश दोन महिने देऊ शकतात किंवा नुसता दंडही करू शकतात. म्हणजे 'एक षष्ठांश' ऐकायला स्वस्त वाटतो, पण प्रत्येक वेळी तो स्वस्त असतोच असं नाही. अटकेत काढलेले दिवस मात्र यातून वजा होतात.

त्यातही सहा महिन्यांचा आकडा आपल्या गावकीत टोचणारा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सहा महिने किंवा जास्त कैद झालेला माणूस सुटकेनंतर पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही. निवडणूक लढवणाऱ्या काकाला हे परवडणारं नाही.

म्हणून खरी मागणी कैदेच्या हिश्शाची नसावी, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची असावी. शिक्षा ठरवण्याआधी कोर्ट दोन्ही बाजूंना ऐकतं आणि १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली आरोपीला तुरुंगात न पाठवता बंधपत्रावर सोडू शकतं. त्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की असं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. वय, पहिला गुन्हा, दिलेली भरपाई, शेजाऱ्याशी झालेला समेट, हे सगळं वकिलाने त्या वेळी कोर्टापुढे मांडायला हवं. कोर्ट देईलच अशी हमी नाही, पण मागितलंच नाही तर कोर्टापुढे ते येणार कसं?

काय सोडावं लागतं

साक्षीदारांना उलटतपासणीत प्रश्न विचारायचा हक्क जातो. संशयाचा फायदा मिळून सुटण्याची शक्यता जाते. आणि अपील जातं. साध्या खटल्यात शिक्षा झाली तर सत्र न्यायालयात अपील करता येतं. प्ली बार्गेनिंगच्या निकालावर ते नाही. उरतात उच्च न्यायालयातली रिट आणि सर्वोच्च न्यायालयातली विशेष परवानगी, म्हणजे व्यवहारात शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी. नंतर "वकिलाने नीट सांगितलं नाही" म्हणून मागे फिरता येत नाही.

आता पुतण्याकडे पाहू. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा नोंद आहे का आणि दोषी ठरलात का, हे विचारलं जातं. बंधपत्रावर सुटला तरी दोषी ठरल्याची नोंद राहते, आणि कलम १२ असूनही नोकरी देणारं खातं त्या वर्तनाचा विचार करू शकतं. त्याच्याविरुद्ध पुरावा एवढाच, की त्याने धरलं होतं. शेजाऱ्याशिवाय दुसरा कोणी ते सांगत नसेल तर त्याने खटला लढवणं शहाणपणाचं ठरू शकतं, वेळ लागला तरी. काकाने फावडं मारलं, ते चारजणांनी पाहिलं. त्याच्यासाठी हिशेब वेगळा. एकाच केसमधल्या दोघांना एकाच कागदावर सही करायला लावणाऱ्याला थांबवून हे विचारावं.

अजून एक. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी गुन्हे दाखल असतात. काकाने आपल्या केसमध्ये प्ली बार्गेनिंग केलं म्हणून शेजाऱ्याविरुद्धची काकाची फिर्याद बंद होत नाही, ती वेगळी चालते. दोन्ही एकदम मिटवायच्या असतील तर बैठकीतच तसं बोलून घ्यावं आणि दुसऱ्या केसमध्ये वेगळा अर्ज द्यावा. शेतीच्या हद्दीचा वाद तर यातल्या कशानेच सुटत नाही, त्याला मोजणी लागते.

१ जुलै २०२४ च्या आधीपासून कोर्टात चालू असलेल्या खटल्यांना जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू राहते. तिच्यात तीस दिवसांची मुदत नाही, पण पहिल्या गुन्ह्याची एक षष्ठांशची सवलतही नाही, तिथे एक चतुर्थांशच आहे. वकील लावायची ऐपत नसेल तर तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथून मोफत वकील मिळतो. जाताना चार्जशीटची प्रत आणि चार्ज फ्रेम झाल्याची तारीख सोबत न्यावी.