तोट्यातली बाकरवडी बंद करावी का?

व्यवस्थापनाच्या पेपरातला केस स्टडीचा प्रश्न साधारण एकाच साच्याचा असतो. दीड-दोन पानांत एखाद्या धंद्याची हकिकत, एक छोटा तक्ता आणि शेवटी चार पर्याय: यांतली कोणती शिफारस कराल? चारही पर्याय वाचायला शहाणपणाचे वाटतात, कारण एरवी कुठल्या ना कुठल्या धंद्यात त्यातला प्रत्येक पर्याय बरोबर ठरलेला असतो. इथे मात्र समोरच्या तक्त्यातले आकडे नेमक्या कोणत्या पर्यायाच्या पाठीशी उभे आहेत, एवढंच विचारलेलं असतं.

नमुन्यादाखल एक प्रश्न मांडून पाहू. धंदा आणि आकडे दोन्ही काल्पनिक आहेत. एक फरसाण कारखाना चिवडा, शेव आणि बाकरवडी असे तीन पदार्थ करतो. महिन्याची विक्री अनुक्रमे 10 लाख, 6 लाख आणि 4 लाख रुपये. बेसन, तेल, मसाला, पॅकिंग, नगावरची मजुरी असा मालाबरोबर कमी-जास्त होणारा खर्च 6 लाख, 3 लाख 80 हजार आणि 3 लाख 20 हजार. याखेरीज शेडचं भाडं, मॅनेजरचा पगार आणि कर्जाचं व्याज मिळून महिन्याला 5 लाख रुपये ठरलेले. हिशेबनिसाने ते विक्रीच्या प्रमाणात तिन्ही पदार्थांवर वाटले आहेत, म्हणून चिवड्यावर अडीच लाख, शेवेवर दीड लाख आणि बाकरवडीवर 1 लाख पडतात. वजाबाकी केली की चिवड्याला दीड लाख नफा, शेवेला 70 हजार नफा आणि बाकरवडीला 20 हजार तोटा दिसतो. एकूण नफा 2 लाख.

पर्याय असे. अ: बाकरवडी बंद करा. ब: तिचा दर सगळीकडे 10 टक्क्यांनी वाढवा. क: तिची जाहिरात वाढवा. ड: तूर्त चालू ठेवा.

बहुतेक जण 'अ'वर खूण करतात. तोटा तर डोळ्यांसमोर छापलेला आहे. पण हा पर्याय एक गोष्ट गृहीत धरतो: बाकरवडी गेली की तिच्या नावावरचा सगळा खर्चही जाईल. केसमध्ये तसं काही नाही. भाडं, पगार आणि व्याज बाकरवडी तळली काय, न तळली काय, 5 लाखच राहणार. बाकरवडी बंद केली तर चिवडा आणि शेव यांच्याकडून बदलता खर्च वजा जाऊन 4 लाख आणि 2 लाख 20 हजार, म्हणजे 6 लाख 20 हजार उरतील. त्यातून 5 लाख गेले की नफा 1 लाख 20 हजार. म्हणजे 20 हजारांचा तोटा वाचवायला गेलो आणि 80 हजार गमावून बसलो. हे 80 हजार म्हणजे बाकरवडीचं कॉन्ट्रिब्यूशन: विक्रीतून फक्त बदलता खर्च वजा केल्यावर उरणारी आणि ठरलेल्या खर्चाला हातभार लावणारी रक्कम. तोटा दिसला तो वाटणीच्या पद्धतीमुळे. पदार्थ ठेवायचा की नाही, हे या रकमेवरून ठरतं.

'ब' जास्त फसवा आहे, कारण त्याच्या बाजूने हिशेब करता येतो. 100 रुपयांच्या बाकरवडीत बदलता खर्च 80 रुपये, म्हणून हातात 20 रुपये राहतात. दर 110 केला तर 30 राहतील. म्हणजे खप एक तृतीयांशाने घटला तरी आजच्याइतकेच पैसे मिळतील, त्याहून कमी घटला तर फायदाच. पण खप किती घटेल? केसमध्ये एक ओळ आहे: गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर बाकरवडीचा दर 5 टक्क्यांनी वाढवला, पुढच्या दोन महिन्यांत खप 30 टक्क्यांनी घसरला आणि दर पुन्हा पूर्ववत केला. एवढ्यावरून काही जण 'दरवाढ घातक' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण दिवाळी सरली की फरसाणाचा खप तसाही उतरतो. त्याच दोन महिन्यांत दर न वाढवलेल्या चिवड्याचा आणि शेवेचा खप किती उतरला, हे कळलं असतं तर दरवाढीचा परिणाम वेगळा काढता आला असता. तो आकडा केसमध्ये नाही. म्हणून ही माहिती दरवाढीच्या बाजूनेही बोलत नाही आणि विरोधातही नाही. 'क'बद्दल तर जाहिरातीचा खर्च किंवा तिचा परिणाम सांगणारी एक ओळही नाही.

तुलनेचा आकडा नसणं किती महाग पडू शकतं, हे शिकवणारी एक केस जगभरच्या बिझनेस स्कूलमध्ये चालते: जॅक ब्रिटन आणि सिम सिटकिन यांनी 1986 मध्ये लिहिलेली 'कार्टर रेसिंग'. मोटार शर्यतीतल्या एका चमूने 24 शर्यतींपैकी 7 मध्ये इंजिन निकामी झालेलं पाहिलं आहे. आज कडाक्याची थंडी आहे. शर्यतीत उतरायचं का? विद्यार्थ्यांसमोरच्या आलेखात फक्त इंजिन बिघडलेल्या दिवसांचं तापमान असतं. बिघाड थंडीतही दिसतो आणि उबेतही, म्हणून अनेक जण तापमानाचा संबंध नाही असं मानून शर्यतीत उतरतात. हा प्रसंग मुळात चॅलेंजर यानाचा आहे. 28 जानेवारी 1986 रोजी ते कोसळलं आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाने रबरी कड्यांना इजा न झालेली उड्डाणंही मांडली, तेव्हा चित्र पालटलं. कड्यांचं तापमान 66 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असलेल्या 20 उड्डाणांपैकी फक्त 3 मध्ये इजा होती. 63 अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत ती होती.

बाकरवडीच्या प्रश्नाचं उत्तर 'ड' आहे. पण सविस्तर उत्तर लिहायचं असेल, तर नुसतं 'चालू ठेवा' म्हणून भागत नाही. ते दोन गोष्टींवर टिकून आहे, आणि त्या दोन्ही केसमध्ये शोधाव्या लागतात. पहिली, बंद केल्याने वाचेल असा खास बाकरवडीचा ठरलेला खर्च नाही. तिच्यासाठीच भाड्याने घेतलेल्या यंत्राचं भाडं महिना 90 हजार असतं, तर 80 हजारांचं कॉन्ट्रिब्यूशन अपुरं पडून 'अ' बरोबर ठरला असता. दुसरी, कढया मोकळ्या आहेत. केसमध्ये कारखाना एकाच पाळीत चालतो असं म्हटलं आहे. तोच दिवसरात्र भरलेला असता आणि चिवड्याच्या ऑर्डर परत जात असत्या, तर एक तास कढईवर कोणता पदार्थ जास्त कॉन्ट्रिब्यूशन देतो, हे मोजावं लागलं असतं. तिथे बाकरवडी हरूही शकली असती.

म्हणून पूर्ण गुणांचं उत्तर साधारण असं उतरतं: बाकरवडी तूर्त चालू ठेवावी, कारण ती बंद केल्यास महिन्याचा नफा 2 लाखांवरून 1 लाख 20 हजारांवर येईल. ठरलेला खर्च आणि मोकळी क्षमता यांत बदल झाल्यास निर्णयाचा फेरविचार करावा. 10 टक्के दरवाढ निवडक दुकानांत करून पाहावी, बाकीच्या दुकानांत जुनाच दर ठेवून त्याच महिन्यांतला खप ताडून पाहावा. जुन्या दराच्या दुकानांच्या तुलनेत खपातली जादा घट एक तृतीयांशाहून कमी राहिली, तरच ती सर्वत्र लागू करावी.