मुदत संपली, शेत सोडा

गुढीपाडवा जवळ आला की पश्चिम महाराष्ट्रातल्या गावागावांत खंडाचे व्यवहार मोडतात आणि नवे ठरतात. ते बहुतेक तोंडीच असतात. एखादा शहरात राहणारा मालक मात्र वकिलाकडे जातो आणि नोटीस लिहून घेतो: ‘ठरलेली मुदत हंगामाअखेर संपत आहे, तरी पीक काढून शेत मोकळे करून द्यावे.’ साधे, सरळ पत्र. कायद्याच्या नजरेने पाहिले तर या पत्राने शेत तर सुटत नाहीच, उलट मालकच अडकण्याची भीती असते.

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 मधल्या कलम 4-ब मध्ये म्हटले आहे की करारातली किंवा रिवाजाची मुदत संपली, एवढ्याच कारणाने कुळवहिवाट संपवता येत नाही. (विदर्भ आणि मराठवाड्याचे कुळकायदे वेगळे आहेत. इथे पश्चिम महाराष्ट्राचाच विचार केला आहे.) नोटीस चालते ती कलम 14 खाली, आणि तिला कारण लागते. खंड थकवला, जमिनीचे कायमचे नुकसान केले, पोटकुळाला दिली, स्वतः कसली नाही किंवा शेतीऐवजी भलत्याच कामाला वापरली, असे काही घडलेले असावे लागते. ते कारण लिहून तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची आणि तेवढ्या काळात चूक सुधारायची संधी कुळाला द्यायची. एवढे करूनही मालकाला स्वतः जाऊन नांगर घालता येत नाही. कलम 29 प्रमाणे ताबा घ्यायचा तो तहसीलदाराच्या हुकुमानेच.

पण शेत कसणारा ‘कूळ’ ठरतो का? खरा वाद इथे आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला कलम 4 कूळ मानते. अपवाद मोजकेच आहेत: मालकाच्या कुटुंबातली व्यक्ती, जमीन गहाण घेऊन ताबा घेतलेला सावकार, आणि मालकाच्या देखरेखीखालचा मजूर किंवा पगारी गडी. गड्याची मजुरी रोख असो वा धान्यात, ती पिकाच्या वाट्याच्या रूपात नसावी. म्हणजे ‘कूळ नाही हो, निम्म्या वाट्याने दिलंय’ हे मालकाचे आवडते उत्तर त्याच्याच विरोधात जाऊ शकते.

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका बाईंची वाळव्याकडे चार एकर बागायत जमीन आहे. गावातल्या भाऊंना ती दोन वर्षांसाठी खंडाने दिली, कागद काही केला नाही. भाऊंनी जुलैत आडसाली ऊस लावला. हा ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. लावणीचा, बेण्याचा, नांगरटीचा खर्च पहिल्या पिकावर पडतो आणि नफ्याची आशा खोडव्यावर असते, कारण त्याला पुन्हा बेणे विकत घ्यावे लागत नाही. पहिली तोड झाली, खोडवा फुटला, आणि पाडव्याआधी नोटीस आली. बाईंच्या हिशोबाने मुदत संपत आली होती, भाऊंच्या हिशोबाने पीक अर्ध्यावर होते. हंगाम म्हणजे काय, हे दोघांनी कधी ठरवलेच नव्हते.

भाऊ नोटीस घेऊन तहसीलदाराकडे जातात आणि आपण कूळ आहोत असे ठरवून मागतात. नोटिशीत ‘खंडाने दिलेली जमीन’ असे बाईंच्या सहीचे शब्द आहेत. तेवढ्याने निकाल लागत नाही, पण पुरावा म्हणून ते वजनदार आहेत. बाई दिवाणी कोर्टात गेल्या तरी कूळ आहे की नाही हा मुद्दा कोर्ट स्वतः ठरवत नाही. कलम 85-अ खाली तो तहसीलदाराकडेच जातो आणि तोवर दावा थांबतो. पुढे अपील, मग महसूल न्यायाधिकरण. ऊस कितीदा तुटेल, कोण जाणे.

शिवाय कलम 32-ओ आहे. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीतही, सैन्यातल्या जमीनमालकांसारखे अपवाद सोडले तर, कुळाला सुरुवातीपासून एका वर्षात जमीन विकत घेण्याचा हक्क मिळतो. भूमिहीनाला जमीन मिळावी या हेतूने केलेली ही तरतूद आज मालकाला कागदापासून पळवते, असे माझे मत आहे. मालक करार लिहीत नाही, खंडाची पावती देत नाही, पीकपाहणी स्वतःच्या नावाने लावतो आणि दोन-तीन वर्षांत कसणारा बदलतो. कसणाऱ्याच्या हातात मात्र पीककर्जासाठी किंवा विम्यासाठी दाखवायला कागद उरत नाही आणि शेणखत घालून जमीन सुधारायची त्याची इच्छाही उरत नाही.

भाऊंसारख्याने निदान काय करावे? खंड रोख न देता बँकेतून द्यावा, खताची बिले आणि कारखान्याच्या ऊसबिलाच्या नोंदी जपाव्यात आणि सातबारावरची पिकाची नोंद कोणाच्या नावाने पडते ते दर हंगामी पाहावे. बाईंनी नोटीस पाठवण्याआधी वकिलाला ‘मुदत’ सांगू नये, व्यवहार जसा झाला तसा सगळा सांगावा. उसाच्या शेतात तर पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे, खोडवा कोणाचा.