चेक परत गेल्याची नोटीस: किती भरायचे, कधीपर्यंत?

समजा, एका दुकानदाराने माल उधार घेऊन व्यापाऱ्याला 1,80,000 रुपयांचा चेक दिला. खात्यात पैसे नव्हते, चेक परत गेला. मग रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली. तीन पाने वाचूनही दुकानदाराला कळेना की करायचे काय. शेवटचा परिच्छेद असा होता: "सदरहू नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांचे आत चेकची रक्कम रु. 1,80,000, त्यावरील द.सा.द.शे. 18 टक्के व्याज व नोटीस खर्च रु. 5,500 आमचे अशिलांस अदा करावेत. कसूर केल्यास आपणाविरुद्ध कलम 138 अन्वये फौजदारी कार्यवाही करण्यात येईल व त्याच्या खर्चास व परिणामांस आपण जबाबदार राहाल."

साध्या मराठीत याचा अर्थ असा: "तुमचा 1,80,000 चा चेक वटला नाही. नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवसांत ते पैसे द्या. आम्हाला व्याज आणि वकिलाचा खर्चही हवा आहे. पैसे दिले नाहीत, तर आम्ही कोर्टात फौजदारी तक्रार करू."

इथे तीन रकमा एका ओळीत आल्या असल्या तरी त्यांचे वजन सारखे नाही. फौजदारी खटला टळतो तो चेकची पूर्ण रक्कम मुदतीत दिल्याने. व्याज आणि खर्च व्यापारी मागू शकतो, पण त्यासाठी त्याला वेगळा दिवाणी दावा लावावा लागेल. सगळे मिळून जमत नाही म्हणून काहीच न भरणे, ही मी पाहिलेली सर्वात महागडी गफलत. पैसे बँकेतून पाठवावेत, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

मुदत मोजताना नोटिशीवर छापलेली तारीख धरू नये. ती हातात पडली तो दिवस धरावा. नोटीस 3 जूनची असेल, पण पोस्टमनने 10 जूनला दिली, तर मोजणी 11 जूनपासून सुरू होते आणि 25 जून हा शेवटचा दिवस. पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात व्यापाऱ्याला तक्रार दाखल करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाकीट न घेता परत पाठवल्याने हे टळत नाही. पत्ता बरोबर असेल तर कोर्ट नोटीस पोहोचली असेच साधारणपणे धरते. आणि चेक फक्त तारण म्हणून दिला होता किंवा पैसे आधीच फेडले होते, असे काही असेल, तर त्याच 15 दिवसांत वकिलामार्फत लेखी उत्तर द्यावे. "उत्तर द्या" असे नोटिशीत बहुतेक वेळा लिहिलेले नसते, पण पुढे कोर्टात गप्प राहिल्याचा मुद्दा निघतो.