दीडशे पत्रं, एकच मसुदा

गावच्या वाचनालयाला नवी अभ्यासिका बांधायची आहे आणि बाहेरगावी गेलेल्या दीडशे जुन्या वाचकांना मदतीचं पत्र धाडायचं आहे, असं समजा. वर्डमधल्या मेल मर्जला दोनच गोष्टी लागतात: एक मसुदा आणि एक्सेलमधली यादी. मसुद्यात «नाव», «गाव» अशा रिकाम्या जागा ठेवायच्या. यादीतल्या प्रत्येक ओळीतून त्या भरल्या जातात आणि दीडशे पत्रं तयार होतात.

पहिली फजिती मराठीच करते. मसुद्यात «गाव»हून असं लिहिलं, तर कोल्हापूरकरांच्या पत्रात ‘कोल्हापूरहून’ बरोबर उमटतं. पुणेकरांना मात्र ‘पुणेहून’ आणि सातारकरांना ‘साताराहून’ वाचावं लागतं, आणि पत्र यंत्रानं भरलंय हे तिथेच कळतं. मराठीत प्रत्यय लागताना शब्द बदलतो, हे संगणकाला कोण सांगणार? उपाय अगदी साधा आहे. यादीत ‘गावाहून’ असा वेगळा रकाना करून त्यात ‘पुण्याहून’, ‘साताऱ्याहून’ हे तयार रूपच लिहायचं. मायन्याचंही तेच. ‘प्रिय’ मसुद्यात कायमचं बसवू नये. ‘आदरणीय सर’, ‘सुनीताताई’, ‘प्रिय मंद्या’ असा अख्खा मायना रकान्यात टाकावा. मंद्याला पुढं ‘आपण’ म्हटलं तर तो हसेलच. म्हणून मसुदेही दोन हवेत, एक ‘तुम्ही’चा आणि एक ‘तू’चा.

तरीही नावागावानं फारसं काही साधत नाही. बँकेच्या जाहिरातीतही आपलं नाव असतंच की! पत्र खरोखर आपल्यासाठी लिहिलंय असं वाटतं ते एका रकान्यामुळे, आणि तो हातानेच भरावा लागतो. त्यात प्रत्येकासाठी एक वाक्य: ‘दिवाळी अंकांची यादी तुम्ही फळ्यावर लिहायचात, तो फळा अजून आहे.’ हे वाक्य उचलून दुसऱ्या कुणाच्या पत्रात टाकलं आणि तिथेही ते चपखल बसलं, तर ते पुन्हा लिहावं. ‘आपलं वाचनालयावरचं प्रेम आम्ही जाणतो’ हे वाक्य दीडशेही जणांना चालतं, म्हणून ते कुणाचंच नाही.

एका वाक्याला दोन मिनिटं धरली, तरी दीडशे वाक्यांना पाच तास लागतात. समितीतल्या चौघांनी आपापल्या ओळखीची माणसं वाटून घेतली, की एका संध्याकाळचं काम उरतं. ज्यांना कुणीच ओळखत नाही, त्यांच्यासाठी खोटी जवळीक रचू नये. त्यांना ‘सर्व जुन्या वाचकांस’ असं सरळ सामायिक पत्र जावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

जिथं हे वाक्य बसवायचं, तिथली मसुद्यातली पुढची ओळ कोणत्याही वाक्यानंतर वाचता आली पाहिजे. फळ्याच्या आठवणीनंतर लगेच ‘त्याचप्रमाणे’ आलं, की सांधा दिसतो. परिच्छेद तिथंच संपवून अभ्यासिकेचा विषय नव्या परिच्छेदात काढणं सोपं.

पाठवण्याआधी ‘प्रीव्ह्यू रिझल्ट्स’मध्ये सगळ्यात लांब नावाची, रिकाम्या रकान्याची आणि परदेशातल्या पत्त्याची अशी तीन पत्रं मोठ्यानं वाचून पाहावीत. एक्सेलमधली तारीखही तपासावी. वर्डमध्ये ती बऱ्याचदा अमेरिकी पद्धतीनं, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी उमटते, आणि 5 जूनच्या सभेला लोक 6 मे समजून महिनाभर आधीच हजर होतात.