माहुलचा स्लॅब आणि दीड क्यूबचा प्रश्न

आरएमसीवर लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे प्लांटचे उंच सायलो होते. तयार काँक्रीटचा इतिहास दोन वाक्यांत संपतो: 1903 मध्ये जर्मनीत मागेन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं, आपल्याकडे त्याचं मानक आयएस 4926 हे 1976 मध्ये आलं आणि 2003 मध्ये सुधारलं. मला मात्र माहुल गावठाणाच्या एका गल्लीतच थांबावंसं वाटलं. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये तळमजल्यावर छताचा स्लॅब. ट्रान्झिट मिक्सर आत येत नाही, म्हणून रस्त्यावर पंप आणि तिथून 40 मीटर पाइप.

स्लॅब 9 बाय 6 मीटर, जाडी 125 मिमी. जिन्याची जागा वजा केली तर बीमसकट नकाशाप्रमाणे 9.13 घनमीटर. सळईची जागा कोणी वजा करत नाही; ती जेमतेम एक टक्का भरते. ठेकेदाराचा हिशेब सरळ होता: पाच टक्के वाढवा, साडेनऊ-पावणेदहा क्यूब मागवा, झालं. मुकादम ऐकून घेत होता. मग त्याने दोरी काढली.

सेंटरिंगच्या प्लेटा बसल्या होत्या, सळई बांधून झाली होती. त्याने कडेच्या लेव्हलच्या खुणांवरून दोरी ताणली आणि जागोजागी टेप खाली सोडून प्लेटेपर्यंत माप घेतलं. भिंतीजवळ 126, मध्ये 138, एका सांध्यापाशी 141. सरासरी 132 निघाली. सात मिमी म्हणजे नखाएवढं अंतर, पण साडेएक्कावन्न चौरस मीटरवर ते 0.36 घनमीटर होतं. शिवाय ओला माल पडल्यावर प्लेटा आणखी दबतात. त्याचे तीन मिमी त्याने अंदाजाने धरले, म्हणजे आणखी 0.15. कडेने सांडणारा, व्हायब्रेटरने उडणारा, घमेल्याला चिकटणारा माल साधारण दोन टक्के, 0.2. राहिला पाइप. सव्वाशे मिमी व्यासाच्या पाइपात मीटरला सव्वाबारा लिटर माल मावतो. 40 मीटरला अर्धा घनमीटर, हॉपर धरून 0.6. सगळं मिळून 10.44. मागवले साडेदहा.

“टक्का मोठ्या स्लॅबला लावा,” मुकादम म्हणाला. “इथे पाइपच केवढा खातो.” मला हे पटलं. शंभर क्यूबच्या कामाला तेवढाच पाइप अर्ध्या टक्क्यावर येतो. इथे तो साडेपाच टक्के होतो. शेवटी स्पंजचा गोळा सोडून पाइपातला माल बाहेर काढता येतो, पण शेवटचा भाग पाण्याने बिघडलेला असतो, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही.

पहिला मिक्सर सहा क्यूबचा. दुसऱ्याची मागणी साडेचारची नोंदवली, पण आकडा पक्का नव्हता: पहिली गाडी रिकामी होताच फोन करू, असं प्लांटशी ठरलं होतं. पहिली गाडी संपली तेव्हा मुकादमाने टेप घेतला. 26 चौरस मीटर स्लॅब आणि 20 मीटर बीम भरला होता. सहातून पाइप-हॉपर, बीम आणि सांडलेला माल काढल्यावर स्लॅबमध्ये गेला सुमारे 3.8. भागिले 26: जाडी 146 मिमी. अपेक्षा होती 135ची.

इथे त्याने पंप थांबवला. अकरा मिमीचा फरक दोनच गोष्टींनी पडू शकतो: गाडीत माल कमी आला, किंवा खालचं काहीतरी बसतंय. पहिलं तपासायला वजनकाट्याच्या पावत्या. काँक्रीटचं वजन घनमीटरला अंदाजे 2.4 टन, म्हणजे सहा क्यूबसाठी भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनात 14.4 टन फरक हवा. तेवढा होता. मग तो टॉर्च घेऊन खाली गेला. माहुलची ही जमीन खाडीकाठची, मऊ. दोन टेकूंखालची फळी मातीत रुतली होती. टेकूंवरचा माल फावड्याने बाजूला करून भार उतरवला, शेजारी रुंद फळीवर नवे टेकू ठोकले. जे बसलं ते उचलून धरायचा प्रयत्न त्याने केला नाही. वर सळईभोवती माल घट्ट होऊ लागलेला असतो, तेव्हा खालून रेटलं तर तडा जातो. जास्त जाडी तशीच राहिली.

फोन गेला: उरलेला स्लॅब 25.5, बीम 16 मीटर, पाच क्यूब पाठवा. घड्याळही मोजणीत होतंच. मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी, आणि दिवसा मोठ्या वाहनांवर बंदीच्या वेळा असतात. दुसरी गाडी उशिरा आली तर कडेचा माल घट्ट होतो आणि मध्ये कोल्ड जॉइंट पडतो. पुढे गळती तिथूनच सुरू होते. ते टाळायला मुकादमाने गाळ्याच्या मधल्या एक-तृतीयांश भागात, जिथे कातर कमी, उभी फळी तयार ठेवली होती: माल आलाच नाही तर तिथे सरळ, उभा सांधा करून थांबायचं. माल घट्ट दिसला म्हणून मिक्सरमध्ये पाणी घालून भागवायचं नाही, हे त्याने ड्रायव्हरला दोनदा बजावलं.

गाडी वेळेत आली. सहा-सात घमेली माल उरला. त्यातून मोरीसाठी ठेवलेल्या दोन लाद्यांचे साचे भरले, आणि गोळ्याने निघालेला पाइपातला माल गल्लीतल्या खड्ड्यात गेला.