पाच लाखांचे संरक्षण: पावतीला की ठेवीदाराला?

ठेव विमा म्हणजे बँक बुडाल्यास ठेव परत मिळण्याची हमी. या विम्याची पाच लाखांची मर्यादा प्रत्येक पावतीला लागू होते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती एका बँकेतील एका ठेवीदाराला आहे, तीही व्याजासह. रेशन दुकान बदलल्याने कार्डावरचे धान्य वाढत नाही, तसेच हे. गोरेगाव शाखेत चार लाख आणि त्याच बँकेच्या गोंदिया शाखेत तीन लाख असले, तरी विमा पाच लाखांचाच. पत्नीसोबतची संयुक्त ठेव मात्र वेगळी मोजतात. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी मर्यादा एकच लाख होती. पतसंस्थांना हा विमा नाही. म्हणून बँक आहे की पतसंस्था, ही पाटी वाचूनच पैसे ठेवावेत.