वृत्तालेखातून तक्त्याकडे : नव्याण्णवाचा प्रश्न

वृत्तालेखातल्या पाकळ्या बारा वाजताच्या रेषेपासून घड्याळाच्या दिशेने तक्त्यात उतरवण्याची रीत वापरून पाहिलेल्या वाचकांकडून एकच प्रश्न आला आहे : बेरीज ९९ आली, आता काय करायचं? त्यातल्या बऱ्याच जणांनी उत्तरही स्वतःच सुचवलं आहे, की सगळ्यात मोठ्या पाकळीत एक मिळवून शंभर करून टाकावेत. हा उपाय चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगायला हा संपूर्ण हप्ता लागेल.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. केंद्रीय अर्थसंकल्पासोबत ‘रुपया येतो कुठून’ आणि ‘रुपया जातो कुठे’ असे दोन वृत्तालेख प्रसिद्ध होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतात. २०२४ हे निवडणुकीचं वर्ष होतं, म्हणून अर्थसंकल्प दोनदा मांडला गेला : १ फेब्रुवारीला अंतरिम आणि २३ जुलैला पूर्ण. वर्ष तेच, २०२४-२५. जमेच्या बाजूच्या पाकळ्याही त्याच आठ. जुलैचं चित्र तक्त्यात उतरवलं की असं दिसतं :

| रुपया येतो कुठून (जुलै २०२४) | पैसे |
|---|---|
| कर्ज व इतर देणी | २७ |
| प्राप्तिकर | १९ |
| जीएसटी व इतर कर | १८ |
| कंपनी कर | १७ |
| करेतर महसूल | ९ |
| केंद्रीय उत्पादन शुल्क | ५ |
| सीमाशुल्क | ४ |
| कर्जेतर भांडवली जमा | १ |
| एकूण | १०० |

आता फेब्रुवारीचं चित्र. त्यात कर्ज २८ आणि करेतर महसूल ७ पैसे आहे. बाकीचे सहा आकडे जुलैसारखेच. बेरीज करा, ९९ येते. पुन्हा पुन्हा केली तरी ९९च येते, कारण छापलेल्या आकड्यांची बेरीजच तेवढी आहे. कोणी चुकलेलं नाही. प्रत्येक वाटा जवळच्या पूर्ण पैशात छापताना वरचा अपूर्णांक सुटतो किंवा चढतो, आणि फेब्रुवारीत सुटलेलं थोडं जास्त भरलं. अंतरिम अंदाजात कंपनी कर सुमारे १०.४३ लाख कोटी रुपये होता आणि राज्यांचा करांतला वाटा धरून एकूण रक्कम ६० लाख कोटींच्या किंचित खाली. भागाकार १७.४ येतो, छापले जातात १७. कर्जेतर भांडवली जमा ७९ हजार कोटी, म्हणजे १.३, छापला जातो १. अशा तुकड्यांतून एक पैसा गळतो.

खरी अडचण पुढे आहे. जुलैचं चित्र उतरवताना शेवटची एका पैशाची पाकळी नजरेतून सुटली असं समजा. सुटणं अगदी शक्य आहे. एक टक्का म्हणजे वर्तुळात जेमतेम ३.६ अंश; एवढ्या चिरेत अक्षरं मावत नाहीत, म्हणून नाव बाहेर, बारीक रेषेच्या टोकाला लिहावं लागतं. चित्र लहान करून छापलं की ती रेषा शेजारच्या पाकळीच्या कडेत मिसळते. मग जुलैची बेरीजही ९९ येते. म्हणजे फेब्रुवारीतले ९९ बरोबर आणि जुलैतले ९९ चूक, आणि बेरजेच्या आकड्यावरून या दोघांत फरक करण्याचा काहीच मार्ग नाही. ज्याने ‘एखादा इकडेतिकडे होतोच’ म्हणून सोडून दिलं, त्याच्या तक्त्यातून अख्खी ओळ गेली. ज्याने मोठ्या पाकळीत एक मिळवला, त्याने कर्ज २८ केलं आणि चूक शंभराच्या आड लपवली. उलट फेब्रुवारीत हाच उपाय केला असता तर कर्ज २९ झालं असतं, आणि हा आकडा कुठेही छापलेला नाही.

फरक करते ती पाकळ्यांची मोजणी. आकडे वाचण्याआधी, नावांकडे न बघता, फक्त रंगांचे तुकडे मोजायचे आणि ती संख्या तक्त्याच्या डोक्यावर लिहायची : आठ. फेब्रुवारीत आठ ओळी आणि ९९ आले, तर पूर्णांकनाचा फरक म्हणून ते स्वीकारायचे. जुलैत सात ओळी आणि ९९ आले, तर पुन्हा चित्राकडे जायचं. पूर्णांकनाला किती सूट द्यायची यालाही हिशोब आहे. एका पाकळीत जास्तीत जास्त अर्ध्याचा फरक पडतो, म्हणून आठ पाकळ्यांत टोकाला चारचा पडू शकेल. पण कमी-जास्त एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात बहुधा एकच दिसतो. दोनचा फरक आला तर आकडे पुन्हा ताडून पाहावेत; तीनचा आला तर आधी वाचण्यातली चूक शोधावी. धूसर छपाईत ९ चा ६ वाचला गेला की नेमका तीनचाच फरक पडतो, आणि जुलैच्या चित्रात एक ९ आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. एखादा आकडा पुसट असेल तर तो शंभरातून बाकीचे वजा करून भरला तर काय बिघडलं? गणित तर तेच सांगतं. पण फेब्रुवारीवर करून पाहा. एका पैशाची पाकळी वाचता येत नाही असं धरा; बाकी सातांची बेरीज ९८, म्हणून तुम्ही तिथे २ लिहाल. खरा आकडा १ आहे, म्हणजे तुमची ओळ दुप्पट झाली. त्याहून वाईट म्हणजे आता बेरीज शंभर येणारच, कारण ती यावी म्हणूनच तो आकडा घातला आहे. पडताळणीसाठी ठेवलेली गोष्ट आकडा बनवण्यासाठी खर्च झाली की पडताळणी उरत नाही. अशा जागी दुसऱ्या स्तंभात रेघ मारावी आणि खाली ‘वाचता आला नाही, अंदाजे १ ते २’ असं लिहावं.

दुसरा आक्षेपही खरा आहे : बेरीज आणि मोजणी दोन्ही जुळल्या तरी तक्ता चुकीचा असू शकतो. प्राप्तिकराचे १९ जीएसटीपुढे आणि जीएसटीचे १८ प्राप्तिकरापुढे लिहिले, तर ओळी आठच आणि बेरीज शंभरच. इथे डोळाही उपयोगी नाही, कारण दोन पाकळ्यांत फरक ३.६ अंशांचा, आणि चित्र तिरपं काढलेलं असेल तर पुढची पाकळी तशीच मोठी दिसते. सीमाशुल्कापुढे १८ लिहिलं गेलं असतं तर नजरेने पकडता आलं असतं. १७, १८, १९ या शेजाऱ्यांत ते जमत नाही. तिथे नावापासून पाकळीपर्यंतची रेष बोट ठेवून पुन्हा एकदा उलट्या दिशेने वाचणं एवढंच हातात असतं. या उदाहरणात फेब्रुवारीचं चित्र साक्षीला आहे, कारण हे तिन्ही आकडे दोन्हीकडे सारखेच आहेत.

तेव्हा बेरजेच्या ओळीत जे आलं तेच लिहा, ९९ तर ९९, आणि खाली दोन गोष्टी जोडा : चित्रात मोजलेल्या पाकळ्या आणि तक्त्यातल्या ओळी. याच अर्थसंकल्पातला ‘रुपया जातो कुठे’ हा जुलैचा वृत्तालेख पुढच्या आठवड्यापर्यंत उतरवून ठेवा. त्यात पाकळ्या नऊ आहेत, आणि ८ व ९ हे आकडे प्रत्येकी दोनदा येतात.